मदतनीस : सहा दिवस

भिंतीवर हात ठेवायची तिची एक पद्धत होती. आधी तळवा कपड्याने कोरडा करायचा, मग ताप बघावा तसा भिंतीला लावायचा आणि सावकाश खाली ओढायचा. हाताला पांढरी भुकटी लागली की ती हात वर करून नवऱ्याला दाखवायची आणि तोंडातल्या तोंडात म्हणायची, "पिणार." नवरा हातातल्या कागदावर बाराचे चौदा करायचा आणि घरमालकाकडे वळून भारदस्त आवाजात सांगायचा, "चौदा लिटर. एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही."

मालक थक्क व्हायचा, तो नवऱ्यावर.

नवऱ्याला आम्ही सगळे मास्तर म्हणायचो आणि तिला मास्तरीण. आमच्या नाटक कंपनीत मास्तरांनी सतरा वर्षं पडदे रंगवले. राजवाडे, जंगलं, नदीकाठ, तुरुंग, काय हवं ते. रिकाम्या नाट्यगृहात पाऊल टाकलं की उभ्या उभ्या ते सांगायचे, "रंगमंच साडेसातशे चौरस फूट, विंगा धरून नऊशे." नटमंडळी पैजा लावायची, टेप आणायची, मोजायची आणि चहा पाजायची. मास्तरांचा डोळा म्हणजे डोळा होता, त्याला नावं ठेवायला जागा नाही.

पण पडद्याचं कापड रंगवण्याआधी तयार करावं लागतं. कोरं कापड रंग नुसता ओढून घेतं. म्हणून सरस उकळून त्यात खडूची भुकटी कालवायची आणि त्याचा हात कापडावर द्यायचा. तो पातळ झाला तर रंग फुटतो, जाड झाला तर घडी घालताना राजवाड्याचे पोपडे पडतात. ते काम मास्तरीण करायची. गुडघ्यावर बसून, वीस वीस फुटी कापडावर पुढे सरकत. नऊ वर्षं केलं. पगारपत्रकावर ती कधीच नव्हती. तिने एकदा मॅनेजरला विचारलं, तेव्हा मी प्रयोग संपवून तिथेच चेहऱ्याचा रंग पुसत बसले होते. मॅनेजर म्हणाला, "अहो, तुमचं मास्तरांच्या पगारात आलंच की."

"किती आलं?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"त्यातलं माझं किती?"

मॅनेजर हसला. मास्तरही हसले. बायको विनोदी बोलते, अशा थाटात हसले.

कंपनी बंद पडल्यावर मास्तर एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर लागले. आठवड्यातले पाच दिवस तिकडे. उरलेले दोन दिवस, आणि जमलं तर रजा टाकून, लहान फ्लॅटचं रंगकाम आणि भिंतींची डागडुजी. पहिलं काम माझंच होतं. मी तेव्हा नुकतीच या इमारतीत दोन खोल्या घेऊन राहायला आले होते. त्या दिवशी मास्तरांनी अंदाजपत्रक लिहायला घेतलं. पुट्टी इतकी, प्रायमर इतका, रंग इतका, रंगाऱ्याची मजुरी चार दिवस. मास्तरीण उभी राहून वाचत होती.

"खाली लिहा," ती म्हणाली. "मदतनीस, चार दिवस."

"अगं, अक्कांकडे काय..."

"अक्कांकडे असो की राजाकडे. माझी ओळ नसेल त्या कामावर मी येणार नाही."

मास्तरांनी ओळ लिहिली. मला ते आवडलं. टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं. मजुरी मी तिच्या हातात वेगळी दिली, तर तिने ती दोनदा मोजली.

पुढे अकरा वर्षं हे असंच चाललं. मास्तर खोलीत फिरून लांबी, रुंदी, उंची बोलायचे, दारं-खिडक्या वजा करायचे आणि हवेतच गुणाकार मांडायचे. ढोबळ मानाने तीनशे ऐंशी फुटी फ्लॅटला भिंती आणि छत मिळून तेराशेच्या आसपास जातात. मास्तरांचा आकडा टेपशी दहा-पंधरा फुटांपलीकडे कधी चुकला नाही. त्याच वेळी मास्तरीण भिंतीभिंतीने निघालेली असायची. आधी तळवा. मग नाण्याने टकटक. भरीव आवाज आला तर पुढे, पोकळ आला तर तिथे खडूने गोल, म्हणजे तेवढा गिलावा सुटलाय, फोडून नवा करावा लागणार. शेवटी ओलं फडकं. ते भिंतीवर दाबून धरायचं, शंभर मोजायचे आणि अंगठ्याने घासायचं. हे सगळं झालं की ती मास्तरांजवळ येऊन हळूच एक आकडा सांगायची, आणि मास्तर आपला आकडा त्याप्रमाणे वरखाली करायचे. चौरस फूट त्यांचे होते. लिटर तिचे. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं. मास्तरांना बहुधा माहीत नसावं. रोज मिळणारी गोष्ट माणूस आपलीच समजतो.

मग आमच्या इमारतीच्या रंगाची बोलणी निघाली.

सोळा फ्लॅट. सगळ्यांनी एकदमच आतून रंगवून घ्यायचं म्हणजे स्वस्त पडेल, ही कल्पना सेक्रेटरींची. हे गृहस्थ एका मोठ्या गोदामाचे निवृत्त स्टोअरकीपर. एक खिळा जास्त गेला तरी लेखी खुलासा मागवण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी अट घातली: आधी त्यांचा स्वतःचा फ्लॅट नमुना म्हणून रंगवायचा. अंदाजपत्रकाबरहुकूम झाला, तर बाकीचे पंधरा त्याच माणसाला. मास्तरांचं नाव मीच सुचवलं होतं. पंधरा फ्लॅट म्हणजे वर्षभराच्या सुट्ट्यांचं काम. मास्तर तर छापखाना सोडायच्याच गोष्टी करायला लागले. म्हणाले, "अक्का, पुन्हा एकदा आपलं काम, आपला रंग. त्या यंत्रासमोर उभं राहून पाय गेले माझे."

त्या संध्याकाळी मीही सेक्रेटरींच्या हॉलमध्ये होते. मास्तर रंगात आले होते. चौदा बाय दहाचा हॉल, साडेनऊ फूट उंची. ते हात फिरवून आकडे सांगत होते आणि सेक्रेटरीणबाई कौतुकाने मान डोलवत होत्या. मास्तरीण मागे चौदा फुटी लांब भिंतीपाशी ओलं फडकं दाबून उभी होती. भिंत दिसायला चकचकीत होती. हाताला भुकटी लागत नव्हती. ती ओठ हलवत शंभर मोजत होती.

"भिंती नऊशे वीस फूट, छत तीनशे ऐंशी," मास्तर लिहीत होते. "भिंतींना रंग दोन हात, लिटरला पासष्ट फूट धरू. चौदा लिटर. छताला सहा. प्रायमर बारा. पुट्टी वीस किलोच्या दोन गोण्या. रंगारी, सहा दिवस. मदतनीस, सहा दिवस."

सेक्रेटरींनी चष्मा पुसला, कागद घेतला आणि एकेक ओळीवर बोट ठेवत वाचला. चौदावर काही बोलले नाहीत. प्रायमरवर काही बोलले नाहीत. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"हा मदतनीस कोण?"

मास्तर म्हणाले, "ही काय... आमची ही."

"ही म्हणजे बायको?"

"हो."

सेक्रेटरींनी आमच्या सगळ्यांकडे बघून घेतलं. प्रेक्षक किती आहेत ते पाहावं तसं. मग म्हणाले, "म्हणजे घरचं माणूस तुम्ही घेऊन येणार आणि मजुरी आम्ही मोजायची? उद्या डब्यातली भाजी कोणी केली तीही ओळ लावाल!"

सेक्रेटरीणबाई खळखळून हसल्या. "मग मीही ह्यांना बिल देते हो! तेहेतीस वर्षं, मदतनीस!"

हॉलभर हसू पसरलं. माझंही हसू निघालं, हे इथे लिहिलं पाहिजे. वाक्याची फेक उत्तम होती, आणि मला तशा वेळी आवरत नाही.

"मास्तर," सेक्रेटरी म्हणाले, "ओळ काढा. सोळा घरांचा सवाल आहे. सोळा घरांत घरची माणसं मोजत बसलो तर माझी मान कापतील लोक."

मास्तरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. खिशातलं पेन काढलं, ओळीवर आडवी रेघ मारली, आणि कमरेत वाकून, कंपनीत शेवटच्या पडद्याला वाकायचे तसे, म्हणाले, "काढली! घरचंच तर माणूस आहे, कुठे पळून जातंय?"

त्याच वेळी मास्तरीण भिंतीवर अंगठा घासत होती. तिने अंगठ्याखाली काय झालं ते पाहिलं. मग हॉलकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. फडकं पिळलं, घडी घातली, पिशवीत टाकलं.

"चला," ती म्हणाली.

मी त्यांच्यामागून जिना उतरत होते, त्यामुळे पुढचं सगळं कानावर पडलं.

"तोंड कशाला पाडलंस?" मास्तर म्हणाले. "एक ओळ गेली तर सोळा घरं मिळतात."

"सोळा घरांत सोळा ओळी गेल्या."

"पैसे शेवटी घरातच येणार ना?"

"कुणाच्या घरात?"

"आता हे काय! बरं, ते राहू दे. भिंती कशा आहेत? चौदा बरोबर आहे ना?"

मास्तरीण दोन पायऱ्या खाली थांबली. म्हणाली, "मदतनिसाला विचारा."

"अगं..."

"कागदावर असेल तर विचारा. नसेल तर तुमच्या डोळ्याला दिसतं तेवढं बघा."

सोमवारपासून मास्तरांनी पाच दिवसांची रजा टाकली, सहावा शनिवार सुट्टीचाच होता. एकटेच आले. शिडी, घमेलं, पुट्टीचा पत्रा, रोलर असं सगळं तीन खेपांत वर नेलं. सहा दिवस हे दोन माणसांचं गणित होतं. एक शिडीवर तर एक खाली, एक पुट्टी ओढतो तर दुसरा आधीची वाळलेली घासतो, म्हणून सहा. एकट्या माणसाला तेच नऊ-दहा लागतात. पण कागदावर सहा लिहिलं होतं, आणि सेक्रेटरींची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन पुढच्या गुरुवारी यायची होती. तोवर वास उडून जायला हवा होता.

मंगळवारी मी वर डोकावले. मास्तर केसांपासून पायांपर्यंत पांढरे. डोळे तेवढे लाल.

"कसं चाललंय?"

"फर्स्ट क्लास!" ते म्हणाले आणि खोकत सुटले.

लांब भिंतीवर पुट्टीचा हात दिला होता तिथे दोन-चार जागी वाळताना फुगवटे आले होते. मास्तरांनी ते पत्र्याने उडवून पुन्हा भरले होते. मी विचारलं, "हे काय?"

"किरकोळ. जुनी भिंत आहे, कुठेकुठे रुसते."

मी मास्तरिणीच्या घरी गेले. ती धान्य निवडत होती. मी म्हटलं, "तू त्या दिवशी त्या भिंतीला फडकं लावून उभी होतीस. काय दिसलं?"

"मला काय दिसणार, अक्का? मी घरची."

"अगं, तो माणूस मरतोय तिकडे."

"मजुरी घेऊन मरतोय."

मला हे वाक्य ऐकायला कडवट वाटलं. आता वाटतं, त्यात कडवट काही नव्हतं, तो हिशोब होता.

"मी हसले त्याबद्दल..." मी सुरुवात केली.

"हसलात ना," ती म्हणाली. "मग झालं. तिकीट वसूल." आणि तिने मला चहा विचारला.

शनिवारी दुपारपर्यंत मास्तरांनी दिवसरात्रीचं भान सोडून काम जवळजवळ ओढत आणलं होतं. छत झालं होतं, आतली खोली झाली होती, हॉलच्या तीन भिंती झाल्या होत्या. लांब भिंतीला रंगाचा पहिला हात आदल्या दिवशी झाला होता, दुसरा राहिला होता. डब्यात लिटरभर रंग उरला होता, आणि त्या भिंतीला जवळजवळ तेवढाच लागणार होता. चौदा लिटर म्हणजे चौदा लिटर. सेक्रेटरी खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "मास्तर, मानलं! गोदामात असा एक माणूस मिळाला असता तर..."

मास्तरांनी रोलर भिजवला आणि मधोमध भिंतीवर चढवला. वर गेला. खाली आला. परत वर गेला, आणि त्याच्याबरोबर भिंतही गेली.

म्हणजे भिंतीची साल. रोलरला चिकटून तळहाताएवढी, मग हातभर, मग मास्तरांनी घाबरून रोलर मागे ओढला तशी ओलं कापड फाटावं तशी दोन हात रुंद पट्टी फरशीवर येऊन पडली. रंग, प्रायमर, पुट्टी, सगळं तिच्या पाठीला. आत दिसत होता जुना, मऊ, खडूसारखा डिस्टेंपर. कोणीतरी कधीतरी त्या डिस्टेंपरवरच, तो न खरवडता, चकचकीत रंग ओढून वेळ मारून नेली होती. वरची कातडी चांगली, म्हणून हाताला भुकटी लागत नाही, डोळ्याला काही दिसत नाही. वरून पाणी मुरलं की आतला थर भिजतो आणि सगळंच सुटतं. शंभर मोजेपर्यंत ओलं फडकं दाबून अंगठा घासला असता तर कातडीला सुरकुती आली असती. आली होतीच.

पुढचं मला लिहायला आवडत नाही, पण मी पाहिलं आहे. सेक्रेटरी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दारात गेले आणि जिन्यात उभं राहून मोकळ्या आवाजात म्हणाले, "या हो, सगळे या! कलावंताचं काम बघा! तिकीट नाही!"

लोक आले. शनिवार होता, घरोघरी माणसं होती. मास्तर शिडीला धरून उभे. सेक्रेटरींनी त्यांना सांगितलं, "आता सांगा ना सगळ्यांना, किती चौरस फूट पडली?"

आणि मास्तरांनी सांगितलं. सवयीने तोंडातून निघालं. "नऊ," ते म्हणाले.

लोक इतके हसले की एका बाईंना खाली बसावं लागलं. या वेळी मी हसले नाही. पण त्याने कुणाचं काय भलं झालं?

मास्तर तसेच पांढऱ्या अंगाने घरी गेले. अर्ध्या तासाने दोघं परत आली. घरी काय बोलणं झालं ते मला मास्तरिणीनेच पुढे सांगितलं. मास्तर म्हणाले, चल. ती म्हणाली, कोण बोलावतंय? ते म्हणाले, मी बोलावतोय. ती म्हणाली, तुम्ही बोलावून मी अकरा वर्षं आले, आता काम ज्याचं आहे त्याच्याशी बोलेन.

ती हॉलमध्ये आली तेव्हा तमाशा पांगला होता. तिने फरशीवरची साल उचलून उलटीपालटी केली. नाण्याने भिंत वाजवली. सेक्रेटरींना म्हणाली, "गिलावा चांगला आहे. कातडी सगळी काढावी लागेल, ही एक भिंत, एकशे तेहेतीस फूट. उद्या ओली करून खरवडायची आणि पंख्याखाली वाळवायची. परवा पुट्टीचा एक हात, तेरवा दुसरा. बुधवारी घासून, प्रायमर, दोन हात रंग. गुरुवारी बाळ येईल तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा."

"आणि रंग? तो तर संपत आलाय," सेक्रेटरी म्हणाले.

"एक लिटर आहे," मास्तर मध्येच म्हणाले, "आधी तो वापरू, कमी पडेल तेवढा..."

"तो डबा बाजूला ठेवा," मास्तरीण त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "चार लिटरचा नवा डबा आणायचा. शेड तीच सांगितली तरी यंत्रातून दुसऱ्यांदा निघालेला रंग केसभर वेगळा येतो. भिंतीच्या मध्ये जोडला तर जन्मभर दिसेल. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच डब्यातला दिला की कोपरा ते झाकतो."

सेक्रेटरी तिच्याकडे पहिल्यांदाच बघत होते. गोदामात चुकीच्या कप्प्यात ठेवलेली वस्तू सापडल्यासारखं.

"आणि मजुरी?"

"चार दिवस. माझी. नव्या कागदावर लिहा आणि सही करा."

सेक्रेटरींनी लिहिलं. दुसरा इलाज नव्हता, गुरुवार डोक्यावर होता. सही करून त्यांनी मास्तरांकडे पेन रोखलं, आणि जो माणूस खाली सापडेल त्याला टोचायचं या जुन्या सवयीने विचारलं, "आणि ह्यांचे चार दिवस? ते कुणी मोजायचे?"

हॉलमध्ये मास्तरीण, मास्तर, सेक्रेटरी नवरा-बायको आणि मी. मास्तर बायकोकडे बघत होते. मी सतरा वर्षं त्यांचे पडदे पाठीशी घेऊन उभी राहिले आहे. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. एक शब्द हवा होता. मास्तरिणीने कागद घेतला, शाई वाळली का ते बोटाने पाहिलं, आणि तो घडी घालून पिशवीत टाकला.

"म्हणजे घरचंच!" सेक्रेटरीणबाई म्हणाल्या आणि आपल्याच विनोदाला हसल्या.

मास्तरांनी छापखान्यातून आणखी तीन दिवसांची बिनपगारी रजा घेतली. रविवार ते बुधवार ते तिच्या हाताखाली खरवडत होते. ती सांगेल तिथे. "तिथे राहिलं." "दाब कमी." "पाणी मारा आधी." ती ओरडत नव्हती, टोमणे मारत नव्हती. कारागीर मजुराला सांगतो तेवढंच आणि तसंच सांगत होती. भिंत सुरेख झाली. मी आजही त्या घरात गेले की कोपरा शोधते आणि मला सापडत नाही.

गुरुवारी बाळ आलं. सेक्रेटरी खूश झाले आणि मास्तरिणीला म्हणाले, बाकीच्या पंधरा फ्लॅटचे अंदाज तुम्हीच काढा. तिने तीन आठवड्यांच्या संध्याकाळी घरोघर जाऊन तळवा, नाणं, ओलं फडकं केलं आणि पंधरा कागद लिहिले. कुठली भिंत दोन कातड्यांची, कुठे बाथरूमच्या पाठीला ओल येऊन खार फुटलाय, तिथे आधी गळती बघा मग रंगाचं बोला, कुठे चौदाऐवजी सतरा लिटर लागतील. प्रत्येक कागदावर मजुरीची पहिली ओळ तिची. आणि सेक्रेटरींनी ते पंधरा कागद उचलून एका मोठ्या ठेकेदाराच्या हातात दिले. म्हणाले, "मोजमाप तयार आहे. याच्यापेक्षा दहा टक्के कमी करा आणि काम घ्या."

मी भांडायला गेले. सेक्रेटरी म्हणाले, "अक्का, अंदाज फुकटच असतो. दुकानात भाव विचारायचे पैसे पडतात का?"

मास्तरिणीला हे मी सांगितलं तेव्हा तिने आपला तळवा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "भिंतीभिंतीला हात लावला मी. पंधरा घरांच्या."

मी तिला म्हणाले रड. ती रडली नाही.

पण ठेकेदार मूर्ख नव्हता. पहिल्या चार फ्लॅटमध्ये कागदावर जितके लिटर तितकेच लागल्यावर त्याने विचारलं, हे कुणी लिहिलंय? दहा टक्के कमी करून घेतलेल्या कामात त्याला नफा उरत होता तो फक्त त्या कागदांमुळे. त्याने मास्तरिणीला बोलावून हजेरीवर घेतलं. रोजची मजुरी, सुट्टीच्या दिवशी दीडपट. आता ती त्याच्या सगळ्या कामांवर आधी जाते, भिंती तपासते आणि तिचा आकडा आल्याशिवाय तो दुकानात फोन करत नाही. हजेरीच्या वहीत महिन्याच्या एकेका चौकटीत तिच्यापुढे खूण असते. तिने मला एकदा ते पान दाखवलं. बोट फिरवत दाखवलं, सव्वीस खुणा.

मास्तरांना त्यानंतर कुणी काम दिलं नाही. "नऊ चौरस फूट" ही गोष्ट चार गल्ल्या फिरली होती. ते छापखान्यात जातात आणि कागद कापतात. एकाच घरात राहतात दोघं, जेवतात, बोलतात. कशावर बोलतात ते मला माहीत नाही.

मागच्या महिन्यात मास्तर माझ्याकडे आले. म्हणाले, "अक्का, ठेकेदाराला घासकामाला माणसं हवीत म्हणे. सुट्टीचे दोन दिवस. तुमचा शब्द टाका. ती सांगणार नाही, आणि मी तिला सांगू शकत नाही."

मी शब्द टाकला. ठेकेदार आमच्याच इमारतीच्या शेवटच्या फ्लॅटवर होता. मास्तर जिन्यात थांबले होते, वर यायचं धाडस नव्हतं त्यांच्यात. नातं न सांगता मी ठेकेदाराला म्हटलं, तुमच्या बाईंच्या ओळखीचा, फार गुणी माणूस आहे, हात चांगला आहे, कष्टाला मागे हटणार नाही. ठेकेदाराने आतल्या खोलीत हाक मारली. मास्तरीण दारात आली, तळव्याला भुकटी.

"बाई, ह्या अक्का म्हणतात त्या माणसाला तुम्ही ओळखता ना? कामाला कसा आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. जिन्याचं दार उघडं होतं, त्यातून मास्तरांची चप्पल दिसत होती. ती तिलाही दिसली असणार.

"चित्रं फार छान काढतात," ती म्हणाली.

"घासकामाला विचारतोय मी."

"चित्रं छान काढतात," ती पुन्हा म्हणाली, आणि आत भिंतीकडे गेली.

ठेकेदाराने खांदे उडवले. जिन्यातली चप्पल तेवढ्यात हलली आणि एकेक पायरी खाली जाऊ लागली.